बत्तीस पानांची किंमत

माझ्या दुकानाला दार नाही, फळी नाही, आणि बरेच दिवस गिऱ्हाईकही नव्हतं. फोनवर एक पान उघडायचं, त्यावर 'आज पाहिलं : ३' असं दिसायचं. त्या तिघांतली एक मी असायचे.

माझा जन्मापासूनचा स्वभाव भोचक. बसमध्ये शेजारणीच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. त्यामुळे उरलेले दोघे कोण, कुठले, माझ्या पानावर येऊन काय बघून गेले आणि न घेता का गेले, हे मला कळत नव्हतं याचा मला विक्री न होण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा. खऱ्या दुकानात निदान माणूस तोंड वाकडं करून जातो, ते तरी दिसतं.

विकत काय होते ते सांगते. कणकवलीतल्या एका खाजगी शाळेत मी अकरा वर्षं बालवर्गाला शिकवलं. मुलं कमी झाली, शाळेने बालवर्ग बंद केला, आणि मी घरी बसले. माझ्याकडे उरलं काय, तर मुलांकडून अक्षरं गिरवून घेण्यासाठी मी वर्षानुवर्षं हाताने काढलेली पानं. ती मी कम्प्युटरवर नीट बसवली. बत्तीस पानांचा अक्षरं गिरवायचा संच, आणि शेवटी आईसाठी आठवड्याचं एक वेळापत्रक : कुठल्या दिवशी कुठलं पान, किती वेळ. त्याची फाईल करून एका विक्रीच्या साइटवर ठेवली. घेणाऱ्याने पैसे भरले की त्याला लिंक जाते, तो फाईल उतरवून घेतो आणि आपल्या गावात छापतो. मी काही पाठवायचं नाही, बांधायचं नाही. एकदा केलेली वस्तू कितीही वेळा विकता येते, हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने, जो इथल्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, विचारलं होतं, "आणि एकदाव विकली नाय तर?"

मी पानं सुंदर केली होती, हे मात्र कबूल करायला हवं. प्रत्येक पानाला निळ्या समुद्राची पार्श्वभूमी, कडेने पिवळे मासे, कोपऱ्यात होडी. 'क'च्या पानावर तांबडा कुर्ला, म्हणजे खेकडा, असा काढला होता की मलाच त्याचा अभिमान वाटायचा. किंमत ठेवली एकशे नव्याण्णव. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तीन गेले. चौथा माझ्या पुण्याच्या भावाने घेतला, तो मी धरत नाही.

मग मी ते केलं जे सगळे करतात. किंमत उतरवली. एकशे एकोणपन्नासला एक गेला. नव्याण्णवला दोन. दर खेपेला मी दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून फोन बघायचे आणि मग आणखी खाली यायचे. मार्चमध्ये माझी जाऊ आमच्याकडे आली. ती वैभववाडीला असते, आणि तिच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत काउंटरवर जागा निघाली होती.

"सकाळच्या गाडीन जाशीत, संध्याकाळी परत येशीत," ती म्हणाली. "पगार बरो आसा. जूनपासून बायमाणूस होया त्येंका. किती दिवस त्या फोनाकडे बघत बसतलंस?"

तिचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला राग आला. रागात मी नको ते बोलते. मी म्हटलं, "मे संपेपर्यंत थांब. तोपर्यंत पंचवीस परक्या माणसांनी माझी पाना घेतली नाय, तर मी मुकाट्यान काउंटरार बसतंय."

"परकी म्हणजे?" नवऱ्याने लगेच विचारलं. कारकून माणूस, त्याला अट स्पष्ट लागते.

"परकी म्हणजे ज्येंका मी लग्नात बघूक नाय ती."

तेव्हा सहा झाले होते. पतसंस्थेचं काम वाईट नाही, पण तिथे बसले असते तर मी पुन्हा कधी मुलांसाठी काही केलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मधे लोकांच्या पासबुकावर शिक्के. मला 'बाई' म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही, कारण सांगताना रडू आलं असतं.

त्या रात्रीच किंमत एकोणपन्नास केली. साइटचा वाटा आणि कर जाऊन हातात इतकं कमी राहायचं की त्यात वडापावसुद्धा विचार करून घ्यावा लागला असता. एप्रिलच्या मध्यापर्यंत तीन गेले. एकूण नऊ. मग मी एक दिवस वही घेऊन बसले आणि कुठल्या किमतीला किती जणांनी पाहिलं, किती जणांनी घेतलं ते लिहून काढलं. एकशे नव्याण्णवला तीन आणि एकोणपन्नासला तीन. बघणारेही दोन्हीकडे साधारण पन्नास-साठच. वर्गात पाच मुलं असताना दोन नापास झाली तर पेपर कठीण होता की मुलं कच्ची होती, हे सांगता येत नाही. इथेही तसंच होतं. इतक्या थोड्या माणसांवरून किमतीबद्दल काहीच कळण्यासारखं नव्हतं, आणि तरी मी सहा महिने त्यातून उत्तर काढत होते. एवढं मात्र दिसलं की स्वस्त केल्याने माणसं धावत आली नव्हती. मग अडत होतं कुठे? आता मला ते कळल्याशिवाय चैन पडेना.

कळलं ते डेपोजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. नवऱ्याच्या कसल्याशा कागदांच्या प्रती काढायला मी गेले होते. बाजाराचा दिवस होता. माझ्या पुढे एक बाई उभी होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पायाशी ओल्या काजूगरांची रिकामी टोपली. तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, "सात, आठ आणि नऊ नंबरची पाना काढा. कलर."

मशीनमधून पान बाहेर आलं आणि मी ओळखलं. निळा समुद्र, पिवळे मासे. माझं पान मी माझ्या घराबाहेर कागदावर पहिल्यांदाच बघत होते. मी पाकिटातली सुटी नाणी उगाच पुन्हा मोजू लागले.

दुकानदाराने पान हातात धरून मान हलवली. "वयनी, ह्या कोणी केल्यान तेका एकदा हयसर उभो करूक होयो. शाई पिता नुसती. पोरान गिरवूचा आसा दोन बोटांचा अक्षर, आणि समुद्र कित्याक छापूचो सगळो?"

"माका खंय म्हायत," बाई म्हणाली. "पन्नास रुपयांक फाईल घेतलंय. बत्तीस पाना. धा रुपये पान म्हटल्यार किती झाले?"

"तीनशे वीस."

"मगे? म्हणान तीन-तीन काढतंय दर बाजाराक."

माझा भोचकपणा अशा वेळी स्वस्थ बसत नाही. मी परक्या बाईसारखं विचारलं, "ब्लॅक अँड व्हाईट काढलात तर?"

"काढून बघलंय. सगळा काळाकुट्ट येता. अक्षरच दिसना नाय." मग ती स्वतःहून बोलत राहिली. झील, म्हणजे तिचा मुलगा, पाच वर्षांचा, जूनला पहिलीत जाणार. पान एका दिवसात गिरवून टाकतो आणि दुसरं मागतो. दुसरं पुढच्या बाजाराशिवाय नसतं, म्हणून ती रात्री पेन्सिलीने गिरवलेलं खोडून ठेवते आणि सकाळी तेच पान देते. "तीनदा खोडला काय कागद फाटता," ती म्हणाली. "खयचा पान फाटला तर तो रडता."

"फाईल महाग होती?" मी विचारलं.

"फायलीचे पैसे एकदाच गेले. ह्या दर खेपेचा." तिने तीस रुपये दिले, तीन पानं वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवली आणि निघाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. 'ते पान माझं आहे, थांबा, मी दुसरं करून देते' एवढं एक वाक्य. मी नवऱ्याच्या कागदांच्या प्रती घेतल्या आणि घरी आले. वाटेत मला माझाच इतका राग येत होता की रिक्षावाल्याशी मी दहा रुपयांवरून उगाच भांडले.

सहा महिने मी माझ्या बाजूची किंमत खाली खाली आणत होते, आणि घेणाऱ्याच्या बाजूला तीनशे वीस रुपये तसेच उभे होते. माझे दीडशे कमी झाले काय नि राहिले काय. घरी रंगीत प्रिंटर असलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि आमच्या जिल्ह्यात अशी घरं किती असतील? मला स्वतःलाच प्रती काढायला डेपोजवळ जावं लागत होतं, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यातही ज्या बाईने विश्वासाने पैसे भरले होते तिला मी छापता न येणारी पानं दिली होती.

समुद्र काढून टाकला. मासे गेले. कुर्ला काढताना हात थांबला, पण तोही नुसत्या बारीक रेघांचा केला. टिंबांची अक्षरं मी राखाडी रंगात केली होती, त्यांच्या दोन प्रती काढून आणल्या तर एकीत टिंबं गायब आणि दुसरीत सगळीकडे धुरकट. मग टिंबं काळीच केली, फक्त बारीक आणि लांब लांब. चारी बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडली, कारण मशीन कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही आणि माझी शेवटची ओळ कापली जात होती. एका कागदावर दोन पानं बसवून बघितली, पण पाच वर्षांच्या हाताला ती अक्षरं बारीक पडतात. पाठपोट छापून बघितलं तर मूल पेन्सिल इतकी दाबतं की मागचं अक्षर पुढे उमटतं. म्हणून एकाच बाजूला, साधा कागद, काळी शाई. दुकानदार दोन रुपयाला प्रत काढत होता. सगळा संच चौसष्ट रुपयांत. तो मला इतक्या वेळा बघून कंटाळला आणि शेवटी म्हणाला, "तुमचा काय चालला हा, माका कळला नाय, पण आता शाई पियत नाय ह्या बरा."

पहिल्या पानावर मी लिहिलं, 'दुकानात दाखवायचं पान' : काळी प्रत, एका बाजूला, साधा कागद, मोठं-लहान न करता. दोन पानांचा नमुना फुकट ठेवला, म्हणजे कोणालाही आपल्या गावच्या मशीनवर आधी छापून बघता येईल. साइटवरची जुनी फाईल काढून नवी चढवली आणि आधी घेतलेल्या सगळ्यांना तिथूनच निरोप पाठवला की नवी पानं तशीच मिळतील, पैसे नकोत. आणि किंमत केली एकशे एकोणपन्नास.

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "गिरायक नाय आणि भाव वाढवतंस?"

"आधी त्येंका तीनशे सत्तर पडत होते," मी म्हटलं. "आता दोनशे तेरा पडतले. मी महाग झालंय, पाना स्वस्त झाली."

त्याने मनातल्या मनात बेरीज तपासली. मग म्हणाला, "ह्या पानावर लिव." मी तेच विक्रीच्या पानावर वरती, पहिल्याच ओळीत लिहिलं : सगळा संच छापायला किती पडेल.

आणखी एक वेगळी किंमत ठेवली, तीनशे नव्याण्णव, एका वर्गासाठी. शिक्षिकेने एकदा घ्यावी आणि आपल्या वर्गातल्या मुलांना हव्या तेवढ्या प्रती द्याव्यात. कारण त्या तशाही देणारच, मी अकरा वर्षं तेच केलं होतं. बाकीच्या संचावर मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी लहान अक्षरांत घातलं, 'एका घरापुरतं'.

मे महिन्यात बघणारे फार वाढले नाहीत. पण जे येत होते त्यांतले घेत होते. नमुना छापून बघायचे आणि दोन-तीन दिवसांनी परत यायचे, हे मला तारखांवरून दिसायचं. नऊचे बारा झाले, सोळा झाले. दोन शिक्षिकांनी वर्गाची किंमत भरली. कोणी लातूरचं, कोणी गडहिंग्लजचं. मला त्यांच्या गावची झेरॉक्सची दुकानं बघावीशी वाटायची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वीस, आणि शेवटच्या शनिवारी चोवीस. त्यानंतर सगळं थांबलं. तीन दिवस 'आज पाहिलं' पुढे नुसता '१', तो माझाच.

जावेचा फोन आला : कागदांच्या प्रती तयार ठेव, एक तारखेला द्यायच्या आहेत. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी माझी सर्टिफिकेटं घेऊन डेपोजवळ गेले. फोन हातातच होता. चोवीस.

ती बाई तिथे होती. या वेळी टोपली नव्हती, मुलगा होता, आईच्या पदराला धरून मशीनमध्ये वाकून बघणारा. मशीनमधून पानामागून पान येत होतं, काळं, स्वच्छ, बत्तीसच्या बत्तीस. माझं काम इतकं बरं मला कधीच दिसलं नव्हतं. गठ्ठा पूर्ण झाला आणि ती म्हणाली, "आणखी एक सेट काढा. शेजारच्या चेडवाक होयो."

शेजारच्या मुलीसाठी म्हटल्यावर माझं डोकं तापलं. माझा पंचविसावा संच माझ्या डोळ्यांदेखत चौसष्ट रुपयांत निघत होता, आणि तो इतका स्वस्त मीच करून ठेवला होता.

दुकानदाराने पान उचलून तळाची ओळ वाचली. "हयसर लिवला हा, एका घरापुरता."

"एकच घर आमचा," बाई शांतपणे म्हणाली. "थोरल्या दिरान मधी भिंत घातल्यान इतक्याच. चेडू त्येंचाच. भांडाण मोठ्यांचा. पोरा भिंतीच्या दोनय बाजूक एकत्रच बसतत."

आता मात्र मी बोलले. पानं माझी आहेत, मी केली आहेत, असं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण सूर चढा होता हे आठवतं. दुकानदार आधी माझ्याकडे, मग मशीनकडे बघू लागला. बाई मात्र घाबरली नाही. तिने मला नीट निरखलं.

"तुमी त्या दिवशी हयसरच होतास," ती म्हणाली. "माका विचारलास, फाईल महाग होती काय. मी तीस रुपये दिलंय तेव्हा तुमी बघत होतास. तेव्हा गप कित्याक रवलास?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

तिने पदराच्या गाठीला हात घातला. "दुसऱ्याचे किती होतत? देतंय मी."

एकशे एकोणपन्नास. तेवढं म्हटलं असतं तर पंचवीस पुरे होत होते, आणि ती मला कुठल्या लग्नात दिसली नव्हती. मी तिच्या मुलाकडे पाहिलं. त्याच्या हातात पहिल्या गठ्ठ्यातलं एक पान होतं आणि तो उभ्या उभ्याच बोटाने 'क' गिरवत होता, बरोबर जिथून सुरू करायचा तिथूनच. कुठून सुरू करायचं ते दाखवणारा बाण मी पानावर काढलाच नव्हता. तिथून सुरू करायचं त्याला आईने शिकवलं असणार, तेच तेच फाटकं पान पुन्हा पुन्हा देऊन.

"एकव रुपयो नको," मी म्हटलं. "भिंतीपलीकडचा घर तुमचाच."

दुकानदाराने दुसरा संच काढला. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे कागद देवा." मी सर्टिफिकेटांची पिशवी काखेत धरून उभी होते. मी म्हटलं, राहू देत.

संध्याकाळी नवरा घरी आला तो दारातूनच विचारत, "झाली पंचवीस?"

"चोवीस."

"मग?"

"मग मी हरलंय," मी म्हटलं, "आणि जावेक फोन करून सांगलंय, मी येणा नाय."

त्याने चपला काढून कोपऱ्यात सरळ लावल्या. अट त्याच्यासमोर ठरली होती, त्यामुळे त्याला काहीतरी म्हणायलाच हवं होतं. शेवटी म्हणाला, "मे महिन्यात पंधरा गेली ना? जूनमध्ये किती जातली?"

"म्हायत नाय," मी म्हटलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते शब्द मला जड गेले नाहीत.